कारच्या स्टिरिओवर मराठी गाण्यांच्या नावांऐवजी चौकोन

ब्लूटूथ जोडल्यावर आईच्या ओव्यांच्या फायलींची नावे कारच्या स्टिरिओवर नुसते चौकोन होऊन दिसत. फोनवर मात्र ती नीट वाचता येत. जोडणी पुसून पुन्हा केली, स्टिरिओची भाषा बदलली, दोन रविवार त्यातच गेले. रोमन नावाचे गाणे व्यवस्थित उमटले, तेव्हा स्टिरिओत देवनागरी फॉन्टच नाही, हे ध्यानात आले.

संगणकावर Mp3tag या गाण्याच्या फाइलमधील माहिती बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये फाइल उघडून Title, Artist आणि Album या रकान्यांत रोमन अक्षरे (Aaichya Ovya) लिहिली, Ctrl+S ने जतन केली, फोनमधील जुनी प्रत पुसून नवी टाकली आणि ब्लूटूथ पुन्हा जोडले. केवळ फाइलचे नाव बदलून भागत नाही, कारण प्लेअर सहसा आतील टॅग, म्हणजे या रकान्यांतील माहितीच, स्टिरिओला पाठवतो. ऑनलाइन गाण्यांना हा उपाय लागू पडत नाही.