राजीनामा टाकण्याआधी मेडिक्लेमचं काय काय उरकायचं

वय ४२, हिंजवडीत नोकरी, रोज सकाळी बीपीची गोळी आणि दुसरीकडून ऑफर यायची चिन्हं. मित्र म्हणतात आधी पगार फायनल कर, मी म्हटलं थांबा रे, आधी मेडिक्लेम बघू. कारण कंपनीचं कव्हर शक्यतो लास्ट वर्किंग डेलाच संपतं, शुक्रवारी लॅपटॉप जमा केला की ते कार्ड पण गेलं, आणि नवीन कंपनीचं सुरू होणार जॉइनिंगपासून. मधे माझे १८ दिवस येतायत, तेही ऐन पावसाळ्यात.

आता कोणी म्हणेल त्या १८ दिवसांपुरती पॉलिसी घेऊन टाक ना. काही उपयोग नाही. नवीन पर्सनल पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडला तर क्लेमच नसतो, म्हणजे डेंग्यू झाला तर बिल आपल्याच खिशातून. आणि बीपीसारख्या आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त ३ वर्षांचं वेटिंग लागू शकतं, म्हणजे तोवर त्या आजाराचा क्लेम नाही, कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ते बहुतेक माफ असतं म्हणून आपल्याला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरी चालू असतानाच घ्यायची. समजा जून २०२६ ला घेतली तर बीपीचं वेटिंग फार तर जून २०२९ ला संपेल, तोपर्यंत ऑफिसचं कव्हर वापरायचं. प्रीमियमवरचा १८ टक्के जीएसटी पण सप्टेंबर २०२५ पासून गेलाय.

फॉर्म स्वतः भरायचा. माझा एजंट म्हणाला, "साहेब, बीपी लिहू नका, उगाच लोडिंग लागेल." लोडिंग म्हणजे जास्तीचा प्रीमियम, लागू दे की! पुढे अॅडमिट झालो की जुनी प्रिस्क्रिप्शन मागतात, त्यावर डॉक्टरांच्या अक्षरात "बीपी, ५ वर्षांपासून" लिहिलेलं असतं, मग क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. गोळीचं नाव, कधीपासून चालू, सगळं लिहायचं.

आणि ज्यांना उशीर झालाय त्यांनी नोटीस पिरियडमधेच, शेवटचा दिवस यायच्या आत, एचआरला विचारायचं की ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या पर्सनल पॉलिसीत मायग्रेशन कसं करायचं. कव्हर कधीपासून आहे, किती रकमेचं, कोणकोण त्यात आहे याचं लेखी पत्र घ्यायचं, कारण झालेल्या वर्षांचं वेटिंगमधलं क्रेडिट त्यावरच मिळतं. पण ते जुन्या रकमेपुरतंच हां. ऑफिसचं ५ लाख होतं आणि १० लाखांची घेतली तर वरच्या ५ लाखांना वेटिंग पहिल्यापासून. शिवाय विमा कंपनी तब्येत बघून लोडिंग लावू शकते, नाही पण म्हणू शकते, त्यामुळे उत्तर हातात येईपर्यंत हेच धरून बसायचं नाही.

माझ्या आईचं अजून राहिलंय. ६८ वय, शुगर, आणि नवीन ऑफर लेटरमधे फक्त "बायको आणि मुलं" लिहिलंय. तिच्या मायग्रेशनचा मेल सोमवारी एचआरला टाकतोय.