अपेंडिक्सची शंका असलेल्या मुलाची सोनोग्राफी करताना

"बाळा, एका बोटानं दाखव, सगळ्यात जास्त कुठं दुखतंय?" ठाण्यात आमच्याकडे पोटदुखीचं मूल आलं की मी आधी हेच विचारते. लिनिअर प्रोब तिथंच ठेवायचा आणि मूल श्वास सोडेल तसा थोडा थोडा दाब वाढवायचा. दाब काढायचाही हळूच. झटका बसला की मूल पुन्हा हात लावू देत नाही. दाबानं गॅस बाजूला सरतो, साधं आतडं चपटं होतं. सुजलेलं अपेंडिक्स दबत नाही.

परवा 8 वर्षांच्या मुलीच्या पोटात 8 मिमी जाडीची न दबणारी नळी दिसली. तेवढ्यावर थांबले नाही, कारण लहान आतड्याचा शेवटचा भाग सुजला तरी फसवतो. पण तो पुढे चालू राहतो. ही नळी सीकमपासून, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागापासून निघाली आणि दुसऱ्या टोकाला बंद झाली. भोवतालची चरबी पांढरट, जाड, दाबाखाली न हलणारी होती.

टोकापर्यंत जायलाच हवं, कधी सूज तिथंच असते. फुटलेलं अपेंडिक्स मात्र दबू शकतं किंवा सापडतच नाही. तेव्हा ही चरबीच खूण देते. अपेंडिक्स सापडलं नाही, तर रिपोर्टात "नॉर्मल" नको. "दिसलं नाही" लिहा आणि चरबी कशी होती तेही.