माळ्याच्या झाकणातून जाणारी ऊब

थंडीत घर तापवता, माळ्यावर जाड इन्सुलेशन पण आहे, तरी वर चढायच्या वाटेवरच्या झाकणाखाली उभं राहिलं की गार लागतं ना? बहुतेक वेळा ते झाकण म्हणजे नुसती पातळ फळी असते, आणि गरम हवा वर चढते ती कडेच्या फटीतून सरळ निघून जाते. टिश्यूची पट्टी कडेला धरून बघा, हलली किंवा वर ओढली गेली की समजा फट आहे.

आधी फट बुजवा, फोम नंतर, बरेच जण नेमकं उलटं करतात. फ्रेमच्या ज्या कडेवर झाकण टेकतं तिथे चारही बाजूंनी सलग रबरी सीलिंग पट्टी चिकटवा, कोपऱ्यात गॅप नको. हलकं झाकण पट्टीवर नीट दबत नाही, म्हणून दोन कड्या लावा.

मग झाकणाच्या वरच्या बाजूला १०० मिमीचा कडक फोम बोर्ड, चारही बाजूंनी सेंटीमीटरभर लहान कापून चिकटवा, नाहीतर उघडताना फ्रेमला अडकतो (माझा अडकलाच होता). थर्माकोल असेल तर सॉल्व्हंटवाला गोंद वापरू नका, विरघळतो तो.