काठीची सावली आणि धुळ्याला पोचलेलं पुणे : या चुका टाळा

२८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ आला की शाळेच्या मैदानावर काठ्या उभ्या राहतात. दुपारची सावली मोजायची, सूर्य शिरोबिंदूपासून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, किती अंश ढळलाय ते काढायचं, त्या दिवसाची सूर्याची क्रांती, म्हणजे तो विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते, हिशेबात घ्यायचं, की झाला आपल्या गावाचा अक्षांश. ऐकायला सोपं आहे आणि खरंच सोपं आहे. तरीही दरवर्षी त्याच चुका बघून मी आता कंटाळलोय.

पहिली आणि सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे घड्याळातल्या बाराला मध्यान्ह समजणं.

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका शाळेत परीक्षक म्हणून गेलो होतो. नववीच्या मुलांनी एक मीटरची काठी छान रंगवून उभी केली होती. पाहुण्यांना साडेबाराला निघायचं होतं, म्हणून बाराची घंटा झाल्याबरोबर सावली मोजली. वहीत उत्तर होतं साडेअठरा अंश, अगदी बरोबर. मला तिथेच शंका आली. वही उन्हात तिरकी धरली तर ‘५० सेंमी’च्या खाली खोडलेला आकडा दिसला, ५५.३. मी विचारलं, “हे का खोडलं रे?” एक पोरगा खाली बघत म्हणाला, “सर, पहिलं उत्तर एकवीसच्या जवळ येत होतं. मॅडम म्हणाल्या, कुठेतरी मोजायला चुकलंय, जुळवून घ्या.”

मुलांचं मोजायला काहीच चुकलं नव्हतं. खोडलेला आकडाच खरा होता, फक्त तो बारा वाजताचा होता. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आणि पुणं ७३.८५ वर, म्हणजे पावणेनऊ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने इथला सूर्य सुमारे ३५ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा पुढेमागे असतो. फेब्रुवारीअखेर तो साडेबारा मिनिटं मागे असतो. म्हणजे त्या दिवशी पुण्याची खरी मध्यान्ह १२ वाजून ४७ मिनिटांनी होती. तेव्हा सावली ५० सेंमीच भरली असती. त्यावरून शिरोबिंदूपासूनचं अंतर साडेसव्वीस अंश, सूर्याची क्रांती सुमारे ८ अंश दक्षिण, वजा केली की साडेअठरा. बाराच्या सावलीने मात्र कोन २८.९ येतो, अक्षांश २०.९, आणि पुणं थेट धुळ्याला जाऊन बसतं. पाऊण तासाची घाई आणि अडीचशे किलोमीटरहून जास्त प्रवास! जुळवून घेतलेल्या वहीला मी शून्य दिलं. खोडलेला आकडा तसाच ठेवला असता तर पहिला नंबर दिला असता.

यावर उपाय म्हणून काही जण मध्यान्हीचं मिनिट इंटरनेटवरून शोधतात. शोधा, पण त्या मिनिटाला घाबरू नका. एक मीटरच्या काठीची सावली खऱ्या मध्यान्हीच्या दहा मिनिटं आधी किंवा नंतर जेमतेम अडीच मिलिमीटरने लांब असते. म्हणून माझी सवय अशी, की अंदाजाच्या वेळेच्या अर्धा तास आधीपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूची खूण करायची आणि अर्धा तास नंतरपर्यंत करत राहायची. सगळ्यात आखूड सावली ती मध्यान्हीची. कंटाळवाणं आहे, मान्य. ज्याला तासभर उन्हात बसवत नाही, त्याने दुसरा प्रकल्प घ्यावा.

दुसरी चूक काठीच्या ओळंब्याची. मुलं काठी मातीत खोचतात, दोन पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून बघतात आणि म्हणतात, सरळ आहे. एक मीटरच्या काठीचा माथा उत्तरेकडे पावणेदोन सेंटिमीटर कलला, म्हणजे फक्त एक अंश, तर फेब्रुवारीत सावलीही जवळपास तेवढीच लांबते आणि उत्तर पाऊण अंशाने चुकतं. पावणेदोन सेंटिमीटर डोळ्याला कळत नाहीत. मी काठी सरळ करण्याच्या भानगडीत पडतच नाही. माथ्यावरून दोऱ्याला नट बांधून सोडतो, नट जमिनीला टेकायच्या बेतात आला की त्याच्या बरोबर खाली खूण करतो. सावली मोजायची ती त्या खुणेपासून, काठीच्या बुडापासून नाही. उंचीही दोऱ्याचीच घ्यायची, माथ्यापासून जमिनीपर्यंत. मग काठी दारुड्यासारखी झुकली तरी बिघडत नाही, कारण सावली पाडतो तो माथा. वारा असेल तर नट पाण्याच्या वाटीत बुडवून ठेवा, हेलकावे थांबतात. खूण करताना वाटी बाजूला घ्या.

जमीन सपाट नसेल तर हे सगळं वाया. मैदानाला पावसाच्या पाण्यासाठी उतार दिलेला असतोच. वर्गातलं टेबल बाहेर आणा आणि गवंड्याकडून पाणसळ मागून आणा.

सावलीचं टोक धूसर दिसतं, कारण सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. एक मीटरला ती धूसर पट्टी सेंटिमीटरभर रुंद असते. मुलं गडद भाग संपतो तिथे खूण करतात आणि पाव अंश गमावतात. पट्टीच्या मध्यावर खूण करा. किंवा काठीच्या माथ्याला छोटं भोक पाडलेला पुठ्ठा लावा, दोरा त्या भोकातून सोडा आणि उजेडाच्या ठिपक्याचा मध्य धरा. मी पुठ्ठाच वापरतो.

सावलीवरून कोन काढताना कॅल्क्युलेटर रेडियनवर नाही, अंशांवर आहे ना, ते बघा. नसेल जमत तर कागदावर दहापट लहान त्रिकोण काढून कोनमापकाने मोजा, या वयाला तेच बरं.

आता जूनची गंमत. २१ जूनला उत्साहाने काठी लावणाऱ्या शाळा असतात. पुण्यात तेव्हा ढग नसले (नसतात कुठे!), तर मीटरभर काठीची मध्यान्हीची सावली फक्त साडेआठ सेंटिमीटर पडते, म्हणजे कोन ४.९ अंश. क्रांती २३.४ उत्तर. मुलं पाठ केलेल्या सूत्राने बेरीज करतात आणि २८.३ अंश काढतात. पुणं दिल्लीजवळ! सावली कुठल्या दिशेला पडली हे कोणी वहीत लिहीतच नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते. तेव्हा क्रांतीतून कोन वजा करायचा, मग २३.४ मधून ४.९ गेले की साडेअठरा उरतात. एरवी, म्हणजे सावली उत्तरेला असताना, कोनात उत्तर क्रांती मिळवायची आणि दक्षिण क्रांती वजा करायची. म्हणून लांबी लिहायच्या आधी सावलीची दिशा लिहायला लावतो.

क्रांती त्याच दिवसाची घ्या, ‘मार्च महिन्याची’ नको. मार्चच्या आसपास ती अडीच-तीन दिवसांत एक अंश सरकते. फक्त संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी ती शून्य असते, तिची गरज नसते. पंचांगवाल्यांची पलभा तीच, त्याच विषुवदिनी बारा अंगुळांच्या शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, मध्यान्हीची सावली. पुण्याची चार अंगुळं भरते. हवं तर ताडून बघा.

मला स्वतःला विचाराल तर मी २२ डिसेंबर धरतो. आभाळ बहुधा स्वच्छ असतं, क्रांती आठवडाभर जवळपास हलत नाही, सावली ९० सेंटिमीटर येते आणि पुण्यात मध्यान्ह १२ वाजून ३३ मिनिटांनी होते. शाळेत तेव्हा स्नेहसंमेलनाची तालीम चालू असते, मैदान मिळत नाही. मग गच्चीवर जातो. तिथेही उतार असतोच, म्हणून टेबल न्यावं लागतं.