चार मिलिमीटरची चीर: पट्टी तुटेल की टिकेल, हे कसं काढावं

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये 200 टनी हायड्रॉलिक प्रेस आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना ईएन-24 पोलादाच्या ओढपट्ट्या आहेत, 100 मिमी रुंद आणि 20 मिमी जाड. पूर्ण लोडला प्रत्येक पट्टीवर सुमारे 100 टनांची ओढ येते, म्हणजे साधारण 500 मेगापास्कल ताण. साफसफाई करताना एका पट्टीच्या कडेला केसासारखी रेघ दिसली. लाल डाय मारून बघितलं तर चीर निघाली, 4 मिमीची.

फोरमन मामांनी खडूने फरशीवरच हिशोब मांडला. शंभरातले चार गेले, शहाण्णव उरले. ताण 500 चा 521 झाला. या पोलादाचं यील्ड, म्हणजे ज्या ताणाला ते कायमचं ताणू लागतं तो आकडा, त्यांनी 1400 धरलं. "अडीच-तीन पट फॅक्टर हाय की दादा. चार मिलिमीटरनं काय हुतंय?"

हिशोबात चूक नव्हती, पण तो वेगळ्याच प्रश्नाचा हिशोब होता. उरलेलं पोलाद ओढ पेलेल का, एवढंच तो सांगतो. चिरेच्या टोकाला काय चाललंय, ते त्यात कुठेच येत नाही.

कापड दुकानदार ताग्यातून कापड काढताना आधी कात्रीने कडेला बोटभर छेद देतो आणि मग टर्रकन फाडतो. छेद नसेल तर तेच कापड दोन्ही हातांनी ओढून फाटत नाही. छेदामुळे कापडाची रुंदी कितीशी कमी होते? ओढ सगळी छेदाच्या टोकावरच्या एका धाग्यावर येते, तो तुटला की पुढच्यावर.

पोलादातही असंच होतं, फक्त एक अडचण आहे. चिरेचं टोक इतकं धारदार असतं की तिथला ताण गणिताने काढायला गेलं तर उत्तर अनंत येतं. मग टोकावरचा ताण कशाशी ताडून बघायचा? ग्रिफिथने 1921 साली काचेच्या बाबतीत ऊर्जेच्या हिशोबाने यातून वाट काढली. पुढे 1957 मध्ये अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या जॉर्ज अर्विनने कामाला येईल अशी मांडणी दिली: टोकावरचा ताण मोजू नका, टोकाभोवती ताण किती तीव्रतेने चढत जातो ते एका आकड्यात पकडा. तो आकडा म्हणजे ताण-तीव्रता गुणक, बोलीत नुसता 'के'.

```
K = Y × σ × √(π × a)
```

σ म्हणजे चिरेपासून दूर, पट्टीत असलेला ताण. a म्हणजे चिरेची लांबी. Y हा आकाराचा गुणक. दर पोलादाला 'के'ची एक मर्यादा असते. ती गाठली की चीर एका दमात धावते. त्या मर्यादेला फ्रॅक्चर टफनेस म्हणतात, टेस्ट रिपोर्टवर ती 'के-वन-सी' म्हणून येते. डाव्या बाजूचा 'के' लोड आणि चीर मिळून बनवतात, मर्यादा पोलादाची असते. दोन्ही ताडून बघायचं, एवढंच काम आहे.

आधी चीर नीट मोजा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. डाय फक्त पृष्ठभागावरची रेघ दाखवतो, खोली दाखवत नाही. म्हणून पट्टीच्या दोन्ही अंगांना आणि कडेच्या जाडीवरही डाय मारा. दोन्ही अंगांना रेघ दिसली आणि कडेवर ती सलग असली, तर चीर आरपार आहे आणि अंगावर दिसणारी लांबी हीच a. आमच्या पट्टीत तसंच होतं, दोन्हीकडे 4 मिमी. जाडीच्या मध्यात चीर थोडी पुढे असू शकते, म्हणून जमलं तर अल्ट्रासॉनिकने खात्री करून घ्या.

कडेच्या आरपार चिरेसाठी Y 1.12 धरतात. चीर पट्टीच्या मधोमध असेल तर Y साधारण 1, पण तेव्हा a म्हणजे अर्धी लांबी, पूर्ण नाही. चीर आरपार नसून नखाच्या आकाराची, अर्धवर्तुळाकार असेल तर Y 0.7 च्या आसपास येतो. तीच 4 मिमी खोली असूनही अशी चीर बरीच कमी घातक ठरते, कारण दोन्ही बाजूंचं धड पोलाद तिला धरून ठेवतं.

1.12 हा आकडा चीर रुंदीच्या मानाने छोटी असेपर्यंतच चालतो. शंभरात चार म्हणजे काहीच नाही. तीच चीर 40 मिमीची असती तर Y 2.1 वर गेला असता, आणि 1.12 ने काढलेलं उत्तर जवळपास निम्मंच आलं असतं.

मग 'के' काढा

लांबी मीटरमध्ये घ्या. 4 मिमी म्हणजे 0.004 मीटर.

```
K = 1.12 × 500 × √(3.1416 × 0.004)
  = 560 × 0.112
  ≈ 63 MPa√m
```

एकक विचित्र दिसतं: मेगापास्कल गुणिले मीटरचं वर्गमूळ. मिलिमीटर तसेच घातले तर उत्तर 1985 येतं. ते चूक नाही, पण एकक वेगळं आहे, 31.6 ने भागलं की पुन्हा 63 मिळतात. एक आकडा मीटरमधला आणि दुसरा मिलिमीटरमधला घेऊन ताडणारे मी पाहिलेत, म्हणून सांगतो.

आता पोलादाची बाजू

पट्टीच्या ड्रॉइंगवर लिहिलं होतं: 'ईएन-24, हार्डन आणि टेंपर'. एवढ्यावर के-वन-सी सांगता येत नाही, कारण ती टेंपरिंगवर, म्हणजे कडक केलेलं पोलाद पुन्हा किती तापवलं त्यावर ठरते. ईएन-24 चं अमेरिकन भावंड 4340. त्याचे पाठ्यपुस्तकांत दिले जाणारे आकडे असे: 260 अंशांना टेंपर केलं तर यील्ड 1640 मेगापास्कल आणि टफनेस 50. 425 अंशांना केलं तर यील्ड उतरून 1420 आणि टफनेस चढून 87.

ताकद चौदा टक्क्यांच्या आत उतरली, पण चिवटपणा पाऊण पटीने वाढला. पोलाद जितकं कडक तितकं चांगलं, हा समज चीर असलेल्या भागात उलटा पडतो. मामांच्या खडूच्या हिशोबात तर कडक पट्टीच जास्त सुरक्षित ठरते!

आमचा 'के' 63. पन्नासवाली पट्टी पूर्ण लोडला तुटेल, सत्त्याऐंशीवाली टिकेल. चीर तीच, लोडही तोच. सूत्र उलटं फिरवलं की दर पट्टीला जास्तीत जास्त किती चीर चालेल तेही निघतं:

```
a = (1/π) × (K_IC / (Y × σ))²
```

500 मेगापास्कलला कडक पट्टीत 2.5 मिमी, चिवट पट्टीत 7.7 मिमी. हिशोबात वर्ग आहे, म्हणून टफनेस पावणेदोन पट झाला की चिरेची सोय तिप्पट होते.

आमची पट्टी यातली कुठली? तिचा तुकडा कापून टफनेसची टेस्ट करणं शक्य नव्हतं. हार्डनेस मात्र मोजता येतो. 260 ला टेंपर केलेलं पोलाद ढोबळमानाने 50 रॉकवेलच्या आसपास दाखवतं, 425 वालं 45 च्या आतबाहेर. हार्डनेसवरून टफनेस नेमका निघत नाही, पण दोन पर्यायांतला एक निवडायला तो पुरतो. मामांनी टेस्टर आणला, तीन ठिकाणी टेकवला. 50, 51, 50.

मामा गप्प झाले, मग म्हणाले, "पण मग अजून तुटली कशी न्हाई?"

मला हा प्रश्न फार आवडला. पूर्ण लोड घेऊन 4 मिमीची चीर टिकली असेल, तर पट्टीचा टफनेस 63 पेक्षा जास्त आहे हे आपोआप सिद्ध होतं. टेस्टची गरजच उरत नाही. पण पूर्ण लोड खरंच आला होता का? लॉगबुक उघडलं. गेले कित्येक महिने प्रेस 120 टनांच्या पुढे गेलाच नव्हता. म्हणजे ताण 500 नव्हे, 300, आणि 'के' 38. पन्नासच्या खाली, म्हणून पट्टी शाबूत. पुढच्या आठवड्यात मात्र 200 टनांचं काम लागणार होतं. तिथे आधी चर्र आवाज किंवा वाकणं दिसलं नसतं. इतकी कडक पट्टी सूचना न देता जाते.

हे सूत्र कुठे लावू नये

जाडी पुरेशी हवी. किमान जाडी 2.5 गुणिले (टफनेस भागिले यील्ड) याचा वर्ग. कडक पट्टीला हे 2.3 मिमी येतं, चिवट पट्टीला 9.4. आमची 20 मिमीची, त्यामुळे दोन्हीकडे हिशोब चालतो. पण साध्या माइल्ड स्टीलला यील्ड 250 आणि टफनेस समजा 150 धरला, तर किमान जाडी 90 सेंटिमीटर येते! 20 मिमीच्या माइल्ड स्टीलच्या पट्टीत चिरेचं टोक फाटण्याआधी आजूबाजूचं लोखंड वाहू लागतं, पट्टी ताणते. तिथे के-वन-सी लावून आलेला आकडा निरर्थक आहे. त्यासाठी जे-इंटिग्रलसारख्या वेगळ्या पद्धती आहेत. शिरोलीच्या फाउंड्रीतल्या ग्रे कास्ट आयर्नचं याच्या उलट असतं: टफनेस बहुधा विशीच्या आसपास, म्हणून ताण कमी असला तरी चिरेला तिथे फारशी मुभा नाही.

चिरेवर वेल्डिंग मारायचं सुचवणारा कुणीतरी प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतोच. ईएन-24 वर नीट प्रीहीट न करता वेल्ड मारला तर बाजूला नवा कडक, ठिसूळ पट्टा तयार होतो आणि बहुधा नवी चीरही. टोकाला ड्रिल मारून धार बोथट करण्याची जुनी युक्ती खरी आहे, पण टोक भोकाच्या आत आलं तरच. डायला दिसणाऱ्या टोकाच्या पुढे चीर गेलेली असू शकते.

शेवटी निर्णय

टेस्टचे आकडे इकडेतिकडे होतात, लोडचा काटा चुकतो, आणि दर ठोक्याला चीर कणाकणाने वाढते. म्हणून मर्यादेच्या निम्म्या 'के'ला थांबायचं, असा माझा नेम. पण निम्मा 'के' म्हणजे चीर निम्मी नव्हे, पाव. चिवट पट्टीत 7.7 च्या जागी 1.9 मिमी, कडक पट्टीत जेमतेम 0.6. तेलकट प्रेसवर अर्ध्या मिलिमीटरची चीर डायने हमखास सापडेल, असं मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही.

दोन्ही पट्ट्या त्याच दिवशी उतरवल्या. दुसरीत चीर नव्हती, पण हार्डनेस तिचाही पन्नासच. नव्या ऑर्डरवर मामांनी स्वतः लिहिलं: 'टेंपरिंग 425 अंश, रॉकवेल 46 च्या वर नको'. हीट ट्रीटमेंटवाल्याचा फोन आला, "मामा, 'वर नको' का 'खाली नको'? चुकून लिवलंय जणू." मामा म्हणाले, "बरोबर लिवलंय. वर नको."