टेप काळी झाली, पण ड्रमच्या मध्यात काय झालं?

लातूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी एका छोट्या दवाखान्यात मी मायनर ओटी सांभाळते. टाके, गळू कापणं, ड्रेसिंग, कधीमधी नखाचं ऑपरेशन, एवढंच काम असतं. हत्यारं वाफेच्या दाबानं निर्जंतुक करायला आमच्याकडे उभा, झाकणावर वाफ सोडायचा कॉक असलेला साधा ऑटोक्लेव्ह आहे. मोठ्या हॉस्पिटलातल्या मशीनसारखी आतली हवा ओढून घ्यायची सोय त्यात नाही, आणि नवीन मुलींना सगळ्यात आधी हेच समजून घ्यावं लागतं.

पण त्याआधी धुणं. ड्रेसिंग संपलं की आर्टरी फोर्सेप्स, सिझर, नीडल होल्डर लगेच पाण्यात जायला हवेत. रक्त वाळलं की काम दुप्पट होतं. सलाइनमध्ये बुडवून ठेवू नका आणि ब्लीचमध्येही नको, दोन्हींनी स्टील खाल्लं जातं. एन्झाइमचं लिक्विड कोमट पाण्यात, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात आणि तिथे दिलेला वेळ. पाणी कडकडीत नको, उष्णतेनं रक्तातलं प्रोटीन गोठून स्टीलला चिकटतं. नंतर जाड हातमोजे, एप्रन आणि चष्मा घालून ब्रश पाण्याच्या आतच चालवायचा, म्हणजे तुषार तोंडावर उडत नाहीत. हत्यार पूर्ण उघडायचं, सांधा आणि दाते घासायचे.

धुऊन झालं की मी सांध्यात पांढऱ्या गॉजची कड फिरवते. गॉजवर तपकिरी रंग आला, तर ते हत्यार परत धुवायला जातं. डाग स्टीलवरच असेल तर खोडरबरानं घासून बघते. डाग निघाला आणि खाली गुळगुळीत राहिलं, तर तो पाण्याचा डाग. खाली खड्डा दिसला, तर गंज, आणि ते हत्यार बाजूला काढायचं, कारण खड्ड्यात काय अडकलंय ते कुणालाच दिसत नाही.

आमच्याकडे बोअरचं पाणी फार जड. शेवटच्या खळबळणीला तेच वापरलं, तर वाळल्यावर पांढरा थर बसतो आणि सांधे जाम होतात. म्हणून शेवटचं पाणी आरओचं, आणि ऑटोक्लेव्हमध्येही आरओचं किंवा डिस्टिल्ड.

हत्यार पूर्ण कोरडं करून पॅक करायचं. आर्टरीचं लॉक उघडं ठेवायचं, मिटलेल्या जबड्यात वाफ शिरत नाही. दोन पदरी कापडात नीट घडी, आत मधोमध वाफ पुरेशी पोचली की रंग पुढे सरकणारी इंडिकेटरची पट्टी, बाहेर मशीनमध्ये रेघा काळ्या होणारी टेप. टेपवर तारीख, लोड नंबर आणि पॅक करणारीची सही. एका वेळी मशीनमध्ये लावलेलं सगळं मिळून एक लोड. वाट्या आडव्या नाहीत, कडेवर कलत्या ठेवायच्या, नाहीतर त्यांच्या पोटात हवा आणि पाणी साचतं.

आता मुख्य गोष्ट, हवा. आमच्या मशीनमध्ये वाफेनंच हवेला बाहेर ढकलायचं असतं. हिटर लावला, पाणी उकळलं की कॉक उघडा ठेवायचा. आधी फुसफुस होत, तुटक वाफ येते. मग सरळ, सलग झोत येतो. तो आल्यावर मी आणखी पाच मिनिटं कॉक उघडा ठेवते आणि मगच बंद करते. घाईत कॉक लवकर बंद केला, तर प्रेशर तरीही चढतं, कारण काटा वाफ आणि हवा दोन्हींचं मिळून दाखवतो. १५ पौंडाला शुद्ध वाफ असेल तर १२१ अंश मिळतात. आत अर्धी हवा राहिली, तर तेच १५ पौंड दाखवत आत जेमतेम ११२ अंश असतात. हवा अजिबात न काढली, तर १००. काट्याला यातला फरक कळत नाही.

आपला भाग समुद्रसपाटीपासून पाचशे-सहाशे मीटर उंच आहे, त्यामुळे इथे १५ पौंडाला १२१ थोडं कमी पडतं. मी १६ पर्यंत जाऊ देते, मशीनच्या मर्यादेत राहून. कापडात बांधलेल्या पॅकला ३० मिनिटं, आणि ती प्रेशर चढल्यापासून मोजायची, स्विच लावल्यापासून नाही. मध्ये लाईट गेली आणि प्रेशर पडलं, तर मोजणी परत शून्यापासून. नंतर वाफ सोडून झाकण किंचित उघडं ठेवून वीस मिनिटं वाळवायचं. ओला पॅक निर्जंतुक मानायचा नाही, कापडाच्या ओलीतून बाहेरचे जंतू आत जातात. गरम पॅक थंड फरशीवर ठेवला, तरी खाली पाणी सुटतं.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी गॉजचा ड्रम, म्हणजे गॉज भरून मशीनमध्ये लावायचा भोकांचा डबा, उघडला. बाहेरच्या टेपवरच्या रेघा काळ्या झालेल्या होत्या. मध्यातली पट्टी काढली, तर रंग ‘पास’च्या खिडकीपर्यंत आलाच नव्हता. नवीन मुलगी म्हणाली, “ताई, टेप तर काळी झालीय की!” टेप फक्त सांगते की हा पॅक मशीनमध्ये जाऊन आलाय, आतल्या मध्याला पुरेशी वाफ पुरेसा वेळ मिळाली का, ते तिला माहीत नसतं.

रजिस्टर उघडलं. आदल्या दिवशीचा दुसरा लोड, एक ड्रम आणि हत्यारांचे चार सेट. ‘झोत सुरू’ आणि ‘कॉक बंद’ या दोन रकान्यांत एकच वेळ लिहिलेली होती, आणि ड्रम गॉजनं ठासून भरलेला. म्हणजे हवा पुरती निघालीच नव्हती, आणि उरलेली गॉजच्या गाभ्यात अडकून बसली होती. ड्रम आम्ही आता असा भरतो की घड्यांमध्ये तळहात सहज जावा, आणि भोकं उघडी आहेत हे आत ठेवण्याआधी बघतो. बाहेर काढल्यावर ती लगेच बंद.

त्या लोडचे तीन सेट कपाटातच होते. एक मात्र आदल्या संध्याकाळीच विळ्यानं हात कापलेल्या एका माणसाच्या टाक्यांना वापरला गेला होता. आम्ही सेट उघडताना आतली पट्टी आणि लोड नंबर केसपेपरवर चिकटवतो, म्हणून लगेच सापडलं. त्या सेटची पट्टी पास होती, सेट लहान असल्यानं वाफ पोचली असावी. तरी मी डॉक्टर सरांना सांगितलं. त्यांनी त्या माणसाला खरं काय ते सांगून ठरल्याच्या आधीच जखम बघायला बोलावलं. जखम चांगली होती. तिन्ही सेट आणि ड्रम आम्ही उघडून, पुन्हा धुऊन, पॅक करून लावले. एक पट्टी नापास झाली, की अख्खा लोड परत, त्यात निवडानिवड नाही.

रजिस्टरला रकाने फार नकोत, पण हे हवेतच: तारीख, लोड नंबर, आत काय काय, झोत सुरू, कॉक बंद, प्रेशर चढलं, प्रेशर उतरवलं, पट्टीचा निकाल, सही. वेळ तेव्हाच्या तेव्हा लिहा. दिवसअखेर आठवून लिहिलेल्या वेळा सगळ्या सारख्या येतात आणि त्यातून काहीच सापडत नाही.

आठवड्यातून एकदा आम्ही स्पोअरची कुपी लावतो. तिच्यात उष्णता सहन करणारे जंतू असतात, ते मेले तर बाकीचेही मेले असं धरता येतं. ती सगळ्यात अवघड जागी, म्हणजे भरलेल्या ड्रमच्या मधोमध ठेवायची. सोबत त्याच बॅचची एक कुपी मशीनबाहेर ठेवून दोन्ही इन्क्युबेट करायला द्यायच्या. बाहेरच्या कुपीत जंतू वाढलेच पाहिजेत. तीही कोरी राहिली, तर त्या टेस्टचा निकाल धरायचा नाही. आणि मशीनमधली कुपी वाढली, तर मागच्या चांगल्या टेस्टपासूनचे सगळे लोड रजिस्टरवरून शोधून परत घ्यायचे, आणि मशीन दुरुस्त होऊन पुन्हा टेस्ट पास होईपर्यंत बंद.