एका सेलमध्ये किती गट? स्वल्पविरामाने लिहिलेली यादी मोजताना

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात कुठल्याही शेतकरी गटाची, सोसायटीची किंवा पीक विम्याची यादी उघडा, एक रकाना हमखास सापडतो: शेतकऱ्याचे नाव आणि पुढे एकाच सेलमध्ये त्याचे सगळे गट नंबर, स्वल्पविरामाने जोडलेले. ऑपरेटर म्हणून नवीन लागलेल्याला पहिल्याच आठवड्यात विचारले जाते, "कोणाचे किती गट आहेत ते काढून द्या." नेटवर मिळणारा फॉर्म्युला स्वल्पविराम मोजतो आणि त्यात एक मिळवतो. तो बरोबर आहे, पण त्याआधी सेलमध्ये खरोखर स्वल्पविराम आहे का, हे पाहायला हवे.

कारण असे: साध्या सेलमध्ये `101,102` टाइप केले की एक्सेल ते दोन गट समजत नाही. तीन-तीन आकडी नंबर मधे जागा न सोडता जोडले की त्याला ती एक मोठी संख्या वाटते, एक लाख एक हजार एकशे दोन. विंडोजची सेटिंग भारताची असेल तर सेलमध्ये `1,01,102` असे दिसते, आणि हीच ओळखायची खूण. वर फॉर्म्युला बारमध्ये `101102` असते, मजकूर डावीकडे न राहता उजवीकडे सरकलेला असतो. दिसणारे स्वल्पविराम फक्त सजावट आहेत, म्हणून मोजणीत उत्तर १ येते. एखाद्याचे सहा गट असतील तर नुकसान कायमचे होते. एक्सेल संख्येचे फक्त १५ आकडे जपते, त्यामुळे १८ आकड्यांतले शेवटचे तीन शून्य होतात, म्हणजे सहावा गट गेला. एकट्या `12/2` चे तर थेट १२ फेब्रुवारी होते.

म्हणून टायपिंगच्या आधी रकाना निवडून त्याचा प्रकार `Text` करा. गूगल शीट्समध्ये `Format > Number > Plain text`. नंतर प्रकार बदलून बिघडलेली नोंद परत येत नाही, ती सातबाऱ्यावरून पुन्हा लिहावी लागते. दुसऱ्याकडून आलेल्या फाइलमध्ये अशा नोंदी शोधायला शेजारी हे टाका:

```
=AND(ISNUMBER(B2),B2>999)
```

`TRUE` आलेल्या ओळी फिल्टर करा. तारीख झालेले गटही यातच अडकतात, कारण एक्सेलच्या आत तारीख म्हणजे चाळीस हजारांच्या पुढची संख्याच असते. गावात खरोखर हजाराच्या वरचे गट असतील तर तेवढे डोळ्यांनी पाहून सोडा.

आता मोजणी. `B2` मध्ये `112, 118/2, 131` आहे असे धरा. एकूण लांबी १५, स्वल्पविराम काढून १३, फरक २, अधिक १, म्हणजे ३ गट. पण प्रत्यक्षात यादी `112, 118/2, , 131,` अशी येते. मधे रिकामी जागा, शेवटी सुटलेला स्वल्पविराम. साधा फॉर्म्युला तिथे ५ सांगतो, आणि रिकाम्या सेललाही १ देतो. यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे आधी यादी साफ करणारा एक रकाना. `C2` मध्ये:

```
=TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2," ",""),","," "))
```

आधी सगळ्या जागा काढल्या, मग स्वल्पविरामांच्या जागी जागा घातली. `TRIM` पुढच्या-मागच्या जागा उडवतो आणि मधल्या दोन-तीन असतील तर एकच ठेवतो. उरते `112 118/2 131`. `D2` मध्ये त्यातल्या जागा मोजा:

```
=LEN(C2)-LEN(SUBSTITUTE(C2," ",""))+(C2<>"")
```

लांबी १३, जागांविना ११, फरक २. शेवटचा भाग सेल भरलेला असेल तरच १ मिळवतो, म्हणून रिकाम्या ओळीला ० येते. हे एक्सेलच्या जुन्या आवृत्तीतही चालते.

फॉर्म्युला टाकल्यावर उत्तराऐवजी फॉर्म्युलाच दिसला, तर `C` रकान्याने शेजारच्या रकान्याचा `Text` प्रकार उचलला आहे. तो `General` करा, सेलमध्ये `F2` आणि एंटर दाबा.

मोजणी दोन रकान्यांत ठेवण्याचा मोठा फायदा म्हणजे `C` वरून नजर फिरवली की लिहिणाऱ्याच्या चुका उघड्या पडतात. `112118` असा सहा आकडी तुकडा दिसला तर मधला स्वल्पविराम राहिला आहे. `131व140` दिसले तर कोणीतरी 'व' लिहून दोन गट जोडले आहेत. या दोन्ही ठिकाणी मोजणी एकाने कमी येते. तलाठ्याच्या वहीतून उतरवलेल्या यादीत 'व' फार सापडतो, म्हणून `Find and Replace` ने त्याच्या जागी आधीच स्वल्पविराम आणि एक जागा घालावी, मात्र फक्त गटांचा रकाना निवडून. नाहीतर 'वसंत'मधला 'व'ही जाईल.